बिस्किटांच्या पुड्याचा उतारा

लातूर, 6 एप्रिल

चि. मधुरा हिस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली मार्च महिन्याची वही मी दोनदा वाचली. ज्वारी-गुळाच्या बिस्किटांचा 200 ग्रॅमचा पुडा कच्च्या मालात 49 रुपयांना पडतो असे तू त्यात लिहिले आहेस, आणि त्याच आकड्यावरून ऑनलाइन विक्रीचा दर ठरवणार आहेस. माझ्या हिशेबाने तो पुडा 62 रुपयांना पडतो. हे 13 रुपये कोठे दडले आहेत ते नीट उलगडून सांगावे म्हणून फोन न करता पत्र लिहितो आहे.

तुझी मांडणी मुळात चुकलेली नाही. 600 ग्रॅम ज्वारीचे पीठ, 400 ग्रॅम कणीक, 600 ग्रॅम बटर, 450 ग्रॅम गूळ पावडर, 100 ग्रॅम बदामाचे काप, थोडे दूध, वेलची आणि बेकिंग पावडर असा एका बॅचचा माल 538 रुपयांचा होतो, आणि त्यातले 336 रुपये एकट्या बटरचे आहेत. प्रत्येक जिन्नस वजनाने लिहिलास हे फार चांगले केलेस, कारण वाटीत पीठ सैल भरले की कमी बसते आणि दाबून भरले की जास्त, मग त्या मापावर किंमत टिकत नाही. भावही बिलाच्या पूर्ण रकमेवरून धरलेस, तेही बरोबर आहे. तुझी जीएसटी नोंदणी नसल्यामुळे भरलेला कर तुला परत मिळत नाही, म्हणून तो मालाच्या किमतीतच धरावा लागतो.

चूक पुढे झाली. भिजवलेल्या गोळ्याचे वजन 2,200 ग्रॅम भरले, त्याला तू 200 ने भागलेस आणि 11 पुडे धरलेस. परंतु गिऱ्हाईक कच्चा गोळा घेत नाही, भाजलेले बिस्किट घेते. दालमिलच्या पेढीवर मी तीस वर्षे हिशेब लिहिला. तिथे एक क्विंटल तूर भरडली की डाळ साधारण 70 ते 75 किलो हाती लागते आणि बाकीचे चुनी, कणी, टरफलात जाते. यालाच आम्ही उतारा म्हणतो. डाळीचा भाव तुरीच्या वजनावर कधी काढत नाहीत, उताऱ्यावर काढतात, आणि चुनी विकून जे येते ते खर्चातून वजा करतात.

तुझ्याच वहीतले आकडे घेऊन तुझ्या बॅचचा उतारा काढू. 20 ग्रॅमचा एक गोळा याप्रमाणे 110 बिस्किटे झाली. भाजल्यावर एक बिस्किट 17.6 ग्रॅम भरले, म्हणजे शंभरातले 12 ग्रॅम भट्टीत उडाले. बटरमध्ये जवळजवळ सहावा हिस्सा पाणी असते, शिवाय दूध आणि पिठातला ओलावा आहेच. तेच पाणी वाफ होऊन जाते. त्यातली 6 बिस्किटे करपली किंवा मोडली आणि विकण्याजोगी 104 राहिली. 11 बिस्किटांचे वजन 194 ग्रॅमच्या आत भरते आणि पुड्यावर तर 200 छापलेले आहे, म्हणून तुला पुड्यात 12 घालावी लागतात. 538 ला 104 ने भागले तर एक बिस्किट सुमारे 5 रुपये 17 पैशांना पडते, आणि 12 बिस्किटांचे 62 रुपये होतात. मोडलेल्या बिस्किटांचा चुरा तू विकलास तर ती रक्कम चुनीसारखी वजा कर. घरात खाल्ला गेला तर काही वजा होणार नाही. या बॅचचे 8 पुडे होऊन 8 बिस्किटे उरतात. ती पुढच्या बॅचच्या पुड्यात घातलीस तर त्या पुड्यावर जुन्या बॅचचीच तारीख टाक.

येथे एक गोष्ट तुझ्या हातातली आहे. 12 बिस्किटे 211 ग्रॅम भरतात, म्हणजे दर पुड्यात 11 ग्रॅम माल फुकट जातो. गोळा 20 ऐवजी 21 ग्रॅमचा केलास तर भाजलेले बिस्किट साधारण साडेअठरा ग्रॅमचे होईल, 11 बिस्किटांत 203 ग्रॅम भरेल आणि पुडा सुमारे साठ रुपये चाळीस पैशांवर येईल. पहिल्या दोन बॅचमध्ये मात्र भाजल्यानंतरचे वजन प्रत्यक्ष करून पाहा, कारण गोळा मोठा झाला की भाजण्याचा वेळ थोडा बदलतो.

पॅकिंगचा खर्च तू सरसकट 37 रुपये धरला आहेस, त्याचे दोन भाग कर. पाउच, आतला ट्रे आणि लेबल हे पुड्यामागे लागतात. त्यांचे 13 रुपये होतात. खोका, बबल रॅप, टेप आणि बिलाचा कागद हे ऑर्डरीमागे लागतात. त्यांचे एका पुड्याच्या ऑर्डरीला 24 रुपये होतात, तर तीन पुड्यांच्या मोठ्या खोक्याला 30. त्यामुळे एकटा पुडा पाठवलास तर 99 रुपयांना पडतो आणि तीन पुड्यांच्या खोक्यातून पाठवलास तर 85 ला. एकच सरासरी आकडा धरलास तर एका पुड्याची ऑर्डर देणाऱ्या गिऱ्हाइकामागे तुला किती कमी उरते हे कधीच कळणार नाही. वीज, कुरिअर आणि तुझ्या मेहनतीचे पैसे या पत्रात घेतलेले नाहीत.

आता बटरविषयी. मार्चच्या सुरुवातीला तुझ्याकडे 1 किलो होते, 9 किलो आणलेस आणि अखेरीस 1 किलो 400 ग्रॅम उरले, म्हणजे 8 किलो 600 ग्रॅम लागले. वहीत 13 बॅच आहेत, त्यांना 7 किलो 800 ग्रॅम पुरायला हवे होते. हे 800 ग्रॅम, म्हणजे 448 रुपये, कोठे गेले असे मी तुझ्या आईला विचारले, तेव्हा तिला आठवले की होळीच्या आदल्या दिवशी तुझा एक पूर्ण घाणा करपला होता आणि तू तो लिहिला नव्हतास. त्यात 600 ग्रॅम गेले, उरलेले बहुधा ट्रेला लावण्यात जाते. फसलेली बॅचही तारखेसह लिहीत जा आणि ट्रेला लागणारे बटर मोजून कृतीतच धर. दर महिन्याच्या शेवटच्या रात्री निदान बटर, बदाम आणि वेलची तरी काट्यावर ठेव. पिठाचा फरक काढण्यात वेळ घालवू नकोस, त्याने पुड्यामागे काही पैसेच हलतात.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या उन्हात बटर लवकर मऊ होते, गोळे पसरतात आणि काठ पातळ होऊन बिस्किटे जास्त मोडतात. त्यामुळे मार्चचा 104 चा आकडा पुढे तसाच चालवू नकोस, दर बॅचला चांगली बिस्किटे मोजून लिही. बटरचा भाव वाढला की दर ठरवताना शेवटच्या बिलाचाच भाव धर, स्वस्तात आणलेला जुना साठा शिल्लक असला तरीसुद्धा, कारण पुढचा पुडा नव्या भावाच्या बटरचाच करावा लागणार आहे.

शेतातली दहा किलो ज्वारी आई येत्या रविवारी परभणीला येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते आहे. ती घरची आहे म्हणून वहीत तिच्यापुढे शून्य लिहू नकोस. त्या दिवशीचा मोंढ्यातला भाव आणि दळणाचे पैसे मिळवून पिठाचा दर लाव, म्हणजे पुढच्या वर्षी ज्वारी विकत घ्यावी लागली तरी पुड्याची किंमत बदलावी लागणार नाही.

तुझे,
बाबा