सुनेचा 'सु' ह्रस्वच!

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या विद्यार्थी पुरवणीतला 'अचूक शब्द ओळखा' हा सराव पाहिला. प्रश्नांबद्दल नंतर बोलते, आधी उत्तरसूचीबद्दल. 'सुनेला, सूनेला, सुणेला, सूणेला' यांतून अचूक शब्द निवडायचा होता. आपल्या मते तो 'सूनेला'. खाली चौकटीत स्पष्टीकरण आहे : 'मूळ शब्दातील अक्षर दीर्घ असल्यास प्रत्यय लागल्यावरही ते दीर्घच राहते.' चौकटीला पिवळा रंग दिला आहे, म्हणजे मुलांनी ती पाठ करावी अशी अपेक्षा असणार. काळजी नसावी, मुले पाठ करतातच.

हीच चौकट गेल्या पावसाळ्यातही आपण छापली होती. तेव्हा उदाहरण 'फूलाला' होते. मी लगेच पत्र पाठवले होते. ते छापले गेले नाही. जागेची अडचण मी समजू शकते. त्याच आठवड्यात एका नटाच्या कुत्र्याचा वाढदिवस तीन कॉलमांत आला होता, त्याला जागा लागणारच.

त्या चौकटीने काय केले ते सांगते. मी घरी पाचवीच्या मुलांची शिकवणी घेते. त्यातल्या एका मुलीने शाळेच्या चाचणीत 'फुलाला' असे लिहिले. बाईंनी लाल पेनाने पहिला उकार खोडून दुसरा काढला आणि अर्धा गुण कापला. मुलगी पेपर घेऊन माझ्याकडे आली. तिचे म्हणणे एवढेच, की "तुम्हीच सांगितलं होतं." खरेच होते ते. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. बाई स्वभावाने चांगल्या, त्यांनी बसायला खुर्ची दिली, टेबलाच्या खणातून आपल्या पुरवणीचे कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "पेपरात आलंय हो. आम्ही वेगळं कसं शिकवणार?" मी नियम सांगितला, तो त्यांना पटलाही असावा, पण गुण तोवर तक्त्यात चढले होते. मुलीच्या वडिलांनी "अर्ध्या मार्कासाठी कशाला वाद घालता" म्हणून विषय मिटवला. मुलीने मात्र आपल्यापुरता तोडगा काढला. "शाळेत दुसरा उकार काढीन, तुमच्याकडे पहिला." ती आजही तसेच करते. दोन्हीकडे पैकीच्या पैकी मिळतात.

आता त्या चौकटीविषयी. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम 1962 साली शासनाने स्वीकारले आणि 1972 साली त्यांत चारांची भर पडली. म्हणजे ही काही कालपरवाची गोष्ट नाही. त्यांतला या बाबतीतला नियम अगदी साधा आहे. शेवटच्या अक्षराच्या आधीचा इकार किंवा उकार पाहायचा. मराठी शब्द अकारान्त असेल तर तो दीर्घ : सून, फूल, दूध, गरीब, वकील. शेवटचे अक्षर बदलून दीर्घ झाले, की आधीचा ह्रस्व : सुना, फुले, दुधाला, गरिबी, वकिलाने. बोलून पाहिले तरी कळते. 'सून' म्हणताना आवाज 'सू'वर रेंगाळतो, 'सुनेला' म्हणताना तो 'ने'वर सरकतो.

यात प्रत्ययाचा दोष नाही, हेही चौकट लिहिणाऱ्याला माहीत नसावे. 'सोलापूर'ला 'ला' लावला तर 'सोलापूरला' होते आणि 'पू' दीर्घच राहतो, कारण 'र' जागचा हललेला नाही. 'त' लावताना मात्र 'र'चा 'रा' होतो आणि मग 'सोलापुरात'. प्रत्यय दोन्हीकडे आहे, बदल एकीकडेच. तो सामान्यरूपामुळे होतो. आपल्या पहिल्या पानावर 'सोलापुरात', 'पोलिसांनी', 'वकिलांचा' हे सगळे रोज बिनचूक छापले जाते. पिवळ्या चौकटीचा हिशेब लावला तर उद्यापासून 'सोलापूरात पोलीसांनी वकीलांचा' असे छापावे लागेल. बातम्यांचे मुद्रितशोधन करणारी मंडळी आणि पुरवणीवाले एकाच इमारतीत बसतात ना?

गंमत अशी, की ही चौकट हवेतून आलेली नाही. तो अपवाद आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, म्हणजे तत्सम शब्द, सामान्यरूपातही आपले मूळ सोडत नाहीत : शरीर–शरीरात, गीत–गीताचा, परीक्षा–परीक्षेला. लिहिणाऱ्याने कुठून तरी हा अपवाद उतरवून घेतला, 'तत्सम' हा शब्द गाळला आणि अपवादाचाच नियम केला. अर्धे पान वाचून सराव काढला की असे होते.

शिकवताना खरी अडचण इथेच येते, आणि आपला सराव नेमका तिथे गप्प आहे. दहा वर्षांच्या मुलाला कोणता शब्द तत्सम हे कळायचे कसे? सोपी खूण नाही, हे मी मान्य करते. मी मुलांना 'पीठ' हा शब्द देते. गिरणीतून दळून आणतो ते पीठ मराठी, म्हणून 'पिठात मीठ घाल'. विद्यापीठातले पीठ संस्कृत, म्हणून 'ताई विद्यापीठात शिकते'. अक्षरे तीच, पण एक हलते आणि एक हलत नाही. 'विद्यापिठात' लिहिले की वर्गात कुणी तरी "कणीक मळायला का?" असे विचारतेच, मग ते पोर पुन्हा चुकत नाही.

त्यानंतर वहीत दोन रकाने आखायचे, 'हलणारे' आणि 'न हलणारे'. शब्द एकटा लिहायचा नाही, त्याच्या घरच्यांसकट लिहायचा. हलणाऱ्यांत : फूल, फुले, फुलाला, फुलांचा. न हलणाऱ्यांत : गीत, गीते, गीताला, गीतांचा. न हलणाऱ्यांत ह्रस्ववालेही असतात : गुण, गुणाचा, तरुण, तरुणाला. 'अकारान्त म्हणजे दीर्घच' असे धरून 'गूण' लिहिणारी मुले त्यामुळे ताळ्यावर येतात. नवा शब्द आला की आधी रकाना ठरवायचा. शंका असेल तर कोश पाहायचा, आणि कोशात मूळ दिलेले असते. सहा महिन्यांत बहुतेक मुलांचा हात बसतो. चार पर्यायांतून एकावर खूण करून तो बसत नाही, कारण त्या चारांत तीन चुकीची रूपे छापलेली असतात आणि मुलांच्या डोळ्यांना तीही तेवढीच ओळखीची होतात. 'सूणेला' हा शब्द कालपर्यंत माझ्या एकाही मुलाने पाहिला नव्हता. आता सगळ्यांनी पाहिला.

अनुस्वाराच्या प्रश्नाचे तर काय सांगावे! 'योग्य ठिकाणी अनुस्वार द्या : झाडावर पक्षी बसले होते. मुलानी त्याना दगड मारले. आजोबाचा चष्मा हरवला.' (पाचवीच्या मुलांसाठी पक्ष्यांना दगड मारणारेच वाक्य सुचावे?)

'मुलांनी' आणि 'त्यांना' ठीक आहे. एक मूल असते तर 'मुलाने' झाले असते. 'नी' आला म्हणजे अनेकवचन, आणि अनेकवचनाच्या सामान्यरूपावर अनुस्वार. 'ला' आणि 'ना' यांचेही तसेच. तिथे मुलाला प्रत्ययच वाट दाखवतो. पण 'वर', 'चा', 'त', 'शी', 'समोर' हे दोन्ही वचनांत सारखेच. 'झाडावर' म्हणजे एक झाड, 'झाडांवर' म्हणजे अनेक, आणि फरक सांगणारा एवढा एकच ठिपका. मग 'झाडावर पक्षी बसले होते' यात चूक कोणती? आपण उत्तर 'झाडांवर' दिले आहे. ज्या मुलाच्या डोळ्यांपुढे एकच झाड होते, त्याने हात लावला नाही आणि त्याचे उत्तर चुकले! अंगणातल्या एका चिंचेवर पन्नास पक्षी बसतात, हे मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. 'दोन्ही झाडावर' असे दिले असते तर अनुस्वार सक्तीचा झाला असता. 'सगळ्या झाडावर'सुद्धा चालले नसते, कारण सगळे झाड म्हणजे एकच अख्खे झाडही असू शकते. प्रश्न काढणाऱ्याने आपलेच वाक्य दोन्ही अर्थांनी वाचून पाहायला हवे होते.

ही जागा मुद्दाम सांगते, कारण मुले अनुस्वार गाळतात तो इथेच. 'आंबा', 'चिंच', 'भिंत' यांत तो स्पष्ट ऐकू येतो, तिथे सहसा चूक होत नाही. 'मुलाचा' आणि 'मुलांचा' भरभर बोलताना जवळजवळ सारखेच ऐकू येतात. तिथे कान उपयोगी पडत नाही, वाक्यात किती जण आहेत ते मोजावे लागते.

आणि आजोबा! उत्तरसूचीत तिसऱ्या वाक्यापुढे लिहिले आहे : 'अनुस्वार नको, कारण आजोबा एकच.' अहो, आजोबा एक असले तरी आपण 'आजोबा आले' म्हणतो, 'आजोबा आला' म्हणत नाही. आदरार्थी बहुवचनालाही अनुस्वार लागतो : आजोबांचा, बाईंनी, राज्यपालांचा. आपल्याच अंकात 'मुख्यमंत्र्यांचा दौरा' असे येते. मुख्यमंत्रीही एकच असतात. त्यांना मान आणि घरच्या आजोबांना नाही?

माझी मागणी एवढीच आहे. पुढच्या गुरुवारी त्याच जागी, त्याच आकारात, त्याच पिवळ्या रंगात या चुकांची दुरुस्ती छापावी, म्हणजे शाळेतल्या बाईंना खणात ठेवायला नवे कात्रण मिळेल. आतल्या पानावर तळाशी बारीक अक्षरांतली दिलगिरी नको, ती कुणी कापून ठेवत नाही.

जाता जाता आणखी एक. 'सविस्तर स्पष्टीकरणासाठी क्यूआर कोड स्कॅन करा' असे सरावाखाली छापले आहे. मी स्कॅन केला. छताच्या पंख्याची जाहिरात उघडली. शेजारच्यांच्या फोनवरही तेच. पंख्यात 'पं'वर अनुस्वार बरोबर दिला आहे, तेवढे कौतुक करते. पण स्पष्टीकरण कुठे आहे ते कळवावे.

आपली,
शिकवणी घेणारी एक वाचक, कराड