दिवाळीच्या मेसेजचा मसुदा वाचला, त्याबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या लग्नाची जिच्याशी बोलणी चालू आहेत, तिला दिवाळीला पाठवायचा मसुदा मिळाला. ‘हाय, हॅपी दिवाळी! ही दिवाळी आपल्या आयुष्यात नव्या नात्याचा प्रकाश घेऊन येवो. आई-बाबांना माझा नमस्कार सांग. फराळाला काय काय केलंस?’ चार वाक्यं आहेत. त्यांतलं पहिलं चालेल, उरलेली तिन्ही अडचणीची आहेत, आणि प्रत्येकाची अडचण वेगळी आहे.

‘आपल्या’ या शब्दापासून सुरुवात करू. मराठीत हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ‘आपणास व आपल्या परिवारास’ असं लिहिलं की तो आदराचा ‘तुमच्या’ होतो, आणि मेसेज थेट चौकातल्या फ्लेक्सवरून उतरल्यासारखा वाटतो. तू लिहिलंस तसं ‘आपल्या आयुष्यात’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘तुझ्या-माझ्या’ असा होतो. एक भेट आणि दोन फोन झाल्यावर हे फार लवकर आहे. शिवाय ‘नव्या नात्याचा प्रकाश’ म्हणजे शुभेच्छेच्या आडून विचारलेला प्रश्नच. तिचा होकार-नकार अजून ठरलेला नसेल, तर या ओळीला उत्तर काय द्यायचं? ‘थँक यू’ म्हणावं तर होकार वाटतो, गप्प बसावं तर उद्धटपणा. सणाच्या दिवशी कुणाला अशा कोंडीत पकडू नये. त्याच कारणासाठी दिवाळसणाचा विनोदही नको. तो जावयाचा मान आहे, आणि तू अजून जावई झालेला नाहीस.

‘आई-बाबांना नमस्कार सांग’ यातही एक शब्द कमी पडलाय. नुसतं ‘आई-बाबा’ म्हणजे तू त्यांना तीच हाक मारू लागलास. ‘तुमच्या आई-बाबांना’ म्हटलं की अंतर बरोबर राहतं. पण त्याहून ‘घरी सगळ्यांना शुभेच्छा सांगा’ हे सगळ्यात सोपं. त्यात आजी, धाकटा भाऊ सगळे आले आणि कुणाच्या नात्याला तू हातही लावला नाहीस.

आता ‘सांग’ की ‘सांगा’. तूच लिहिलंयस की ती फोनवर तुला ‘तुम्ही’ म्हणते. मग तूही ‘तुम्ही’च म्हण. डेटिंग ॲपवर ओळख झाली असती तर पहिल्या दिवसापासून ‘तू’ चाललं असतं, पण इथे बायोडेटा घरातून गेलाय. ‘तू’वर कधी यायचं ते तिच्या तोंडून आलं की कळेल. सणाच्या मेसेजमध्ये परस्पर उडी मारू नकोस. आणि एकाच मेसेजमध्ये ‘तुम्हाला शुभेच्छा’ आणि ‘काय केलंस’ अशी भेसळ तर मुळीच नको. नावापुढे ‘जी’ लावायचीही गरज नाही, ती हिंदीची सवय. नाव आणि ‘नमस्कार’ एवढं पुरे.

सगळ्यात घातक ओळ शेवटची. ‘फराळाला काय काय केलंस?’ हे मित्राला विचारलं तर गप्पा, पण लग्नाच्या बोलणीतल्या मुलीला विचारलं तर परीक्षा. स्वयंपाक येतो का, हा प्रश्न तिला आधीच दहा जणांनी दहा तऱ्हांनी विचारलेला असणार. तुझ्या मनात तसं नसेल, पण ऐकणाऱ्याला तेच ऐकू येतं.

प्रश्न विचारूच नये असं नाही. तो तिच्याच बोलण्यातून उचललेला हवा. मागच्या फोनवर ती म्हणाली होती ना, आमच्या घरचे अनारसे दर वर्षी तुपात हसतात? (हसतात म्हणजे कढईत पडल्या पडल्या फुटून पसरतात. आपल्या भाषेत बिघडलेला पदार्थसुद्धा हसतो!) हा धागा आयता तुझ्या हातात आहे. प्रश्न अनारशांना विचारायचा, तिला नाही. आणि सोबत तुझ्या घरचा एक छोटासा फजितीचा तुकडा द्यायचा, म्हणजे चौकशी एकतर्फी वाटत नाही. तुझ्या चकल्यांत मोहन जास्त झालंय हे तूच कळवलंयस. म्हणून असं:

‘नमस्कार, दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा! यंदा अनारसे हसले, की छान जाळी पडली? आमच्या चकल्यांचा भुगा झालाय, चिवड्यात मिसळून खातोय. घरी सगळ्यांनाही शुभेच्छा सांगा.’

सुरुवातीला तिचं नाव घाल. हवी तर शेवटी एक पणती, दिव्यांची रांग नको. तिला वेळ नसेल तर ‘तुम्हालाही!’ एवढ्यावर काम भागतं, आणि बोलायचं असेल तर अनारसे आहेतच. आयतं चित्र पाठवू नकोस. त्यावर बारीक अक्षरात ‘फॉरवर्डेड’ आलं की तू पन्नास जणांतला एक ठरतोस.

दिवस कोणता, हे मजकुराइतकंच महत्त्वाचं आहे. नरकचतुर्दशीची सकाळ उत्तम. पण पहाटे पाचला नको, तेव्हा तिकडे उटणं आणि अभ्यंगस्नानाची गडबड असते. फराळाची ताटं झाली की सगळे फोन हातात घेतात, साधारण साडेआठ ते दहा. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ टाळ. तेव्हा घरात रांगोळी आणि पूजेची घाई असते, आणि तुझा मेसेज शंभर मेसेजांखाली जातो. पाडव्याला तर मुळीच पाठवू नकोस. तो साडेतीन मुहूर्तांतला असला तरी घरोघरी त्या दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते आणि तो तिला ओवाळणी घालतो. त्या दिवशीच्या शुभेच्छेला नको तो अर्थ चिकटतो. भाऊबीजेबद्दल तर बोलायलाच नको. कॅलेंडरही बघून ठेव, कारण तिथी कधी एकमेकींवर येतात. 2022 साली नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, 24 ऑक्टोबरला आलं होतं. दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं आणि 26 ला पाडवा-भाऊबीज एकत्र. अशा वर्षी सकाळ गेली की संधी गेलीच. मग उशिरा शुभेच्छा देण्यापेक्षा दोन दिवस थांबून ‘दिवाळी कशी झाली?’ विचारलेलं बरं.

पाठवण्याआधी काकूंना एकदा सांग. बायोडेटावर तिच्या वडिलांचा नंबर आहे, तिथे काकूंनीच शुभेच्छा द्याव्यात, तू नाही. आणि त्यांच्या घरी या वर्षात कुणी गेलं असेल तर वरचा मजकूर बाजूला ठेव. अशा घरी दिवाळी साधी असते, बऱ्याचदा फराळही शेजारपाजारचे, नातेवाईक आणून देतात. तिथे ‘यंदा घरी सण साधाच असेल, आठवण आली म्हणून लिहिलं’ एवढंच पुरेल. अनारशांचं नाव नको.

उत्तर आलं तर ते जेवढं, तेवढंच तुझं. ‘तुम्हालाही शुभेच्छा’ एवढंच आलं तर तिथे थांब, दुसरा मेसेज नको. अनारशांचं काय झालं ते तिने दोन ओळींत सांगितलं आणि उलट काही विचारलं, तर तूही दोन ओळींत सांग. फोन मात्र भाऊबीजेनंतर. निळ्या खुणा बघत बसू नकोस, दिवाळीत दिवसभर उत्तर न येणं याला काहीच अर्थ नसतो.

काकू-काकांना नमस्कार. आणि चकल्यांचं उरलेलं पीठ टाकू नकोस, त्यात थोडी कोरडी भाजणी मिसळ आणि गरम पाण्याने पुन्हा मळ, मोहन मार्गावर येईल.

तुझाच,
मित्र