समभागांवरचा तोटा नफ्याच्या आकड्याशेजारी दिसावा

प्रति,
माननीय कंपनी व्यवहार मंत्री महोदय,

विषय : समभाग व म्युच्युअल फंडांतील गुंतवणुकीचे वर्गीकरण

सादर नमस्कार.

आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानक 9 हे 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. त्यानुसार दुसऱ्या कंपनीच्या समभागांतील सर्वसाधारण गुंतवणूक रास्त मूल्याने दाखवली जाते आणि त्या मूल्यातील चढउतार नफा-तोटा पत्रकात येतात. मात्र समभाग व्यापारासाठी घेतलेले नसतील, तर हे चढउतार ‘इतर सर्वसमावेशक उत्पन्नात’, म्हणजे निव्वळ नफ्याच्या बाहेर, दाखवण्याचा पर्याय खरेदीच्या वेळीच निवडता येतो. ही निवड प्रत्येक गुंतवणुकीसाठी स्वतंत्र असते आणि नंतर बदलता येत नाही.

या निवडीचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका कंपनीने हा पर्याय निवडून 100 लाखांचे समभाग घेतले. वर्षअखेरीस त्यांचे मूल्य 70 लाखांवर आले आणि पुढच्या वर्षी ते 60 लाखांना विकले गेले. आधीचे 30 आणि नंतरचे 10 असे एकूण 40 लाख इतर सर्वसमावेशक उत्पन्नातून थेट राखीव निधीत गेले. विक्री झाली, पैसे कायमचे बुडाले, तरी नफा-तोटा पत्रकाला त्याची झळ लागली नाही. पूर्वीच्या मानक 39 खाली ‘विक्रीसाठी उपलब्ध’ गटातील असा साचलेला तोटा विक्रीच्या वेळी नफा-तोटा पत्रकात परत येत असे. आता तो फार तर राखीव निधीतून संचित नफ्यात वळवता येतो. याच समभागांवर मिळालेला 4 लाखांचा लाभांश मात्र सहसा नफा-तोटा पत्रकातच उत्पन्न म्हणून झळकतो. म्हणजे वाचकाला 4 लाखांची मिळकत दिसते, 40 लाखांचा खड्डा दिसत नाही. विक्रीवर नफा झाला असता तर तोही असाच बाहेर राहिला असता, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

म्युच्युअल फंडाच्या युनिटांना हा पर्याय नाही. धारक युनिट फंडाला परत करून पैसे मागू शकत असल्याने ती गुंतवणूकदाराच्या हिशेबात समभाग ठरत नाहीत. आणि त्यांवरची प्राप्ती केवळ मुद्दल व व्याज अशी नसल्याने परिशोधित खर्चाचा, म्हणजे बाजारभावाऐवजी खरेदी किमतीच्या आधारे मूल्य दाखवण्याचा, मार्गही बंद असतो. त्यामुळे रोखे फंडातील न विकलेल्या युनिटांचे मूल्य 3 लाखांनी घसरले, तरी ते 3 लाख त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतात. विकून झालेला मोठा तोटा बाहेर आणि न विकलेला छोटा तोटा आत, ही विसंगती मला खटकते.

मानक बदलावे अशी माझी मागणी नाही. दीर्घकालीन धोरणासाठी धरलेल्या समभागांच्या बाजारभावामुळे दरवर्षीचा नफा हेलकावू नये, या युक्तिवादात तथ्य आहे. विकलेल्या अशा समभागांची माहिती टिपांत देणे आजही बंधनकारक आहे, आणि 1 जानेवारी 2026 पासूनच्या सुधारणेने वर्षभरातील चढउतार विकलेल्या व शिल्लक गुंतवणुकींसाठी वेगळे दाखवावे लागतात. तरीही प्रतिसमभाग नफ्याचा आकडा पाहून निर्णय घेणारा भागधारक त्या टिपांपर्यंत क्वचितच पोहोचतो.

म्हणून विनंती अशी की, वित्तीय पत्रकांचा नमुना ठरवताना वर्षभरात विकलेल्या अशा समभागांवरील खरेदीपासूनचा एकूण नफा किंवा तोटा निव्वळ नफ्याच्या लगेच खाली, बेरजेत न धरता, एका ओळीत दाखवणे सक्तीचे करावे, आणि त्याच ओळीत त्या समभागांवर वर्षभरात मिळालेला लाभांशही नमूद करायला लावावा.

आपला विश्वासू,
एक लेखापाल