स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवलेले इथर ‘विक्री’ म्हणून दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वार्षिक स्टेटमेंट आणि कर गोषवारा दुरुस्त करून देण्याबाबत

महोदय,

गेल्या करवर्षाचे स्टेटमेंट आणि त्यासोबतचा कर गोषवारा मी तुमच्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतला. त्यात इथरवर मला ४,४९२.५० टेदर नफा झाल्याचे दाखवले आहे. मी ओळ न ओळ तपासली तेव्हा तो नफा २,१८२.९९ टेदर आला. दाखवलेला आकडा खऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे. तुमच्या मदत कक्षाला मी दोनदा लिहिले. दोन्ही वेळा एकच उत्तर आले: ‘गोषवारा केवळ माहितीसाठी असून करसल्लागाराशी संपर्क साधावा.’ करसल्लागाराशी मी बोललेच आहे. पण त्यांना हिशोब करायला जो कच्चा माल लागतो तो तुमच्याकडूनच चुकीचा येतो आहे, म्हणून हे सविस्तर पत्र.

वर्षभराच्या स्टेटमेंटमध्ये तीनशेहून जास्त ओळी आहेत. चूक नीट दिसावी म्हणून त्यातल्या इथरच्या फक्त पाच ओळी घेते. तुमच्या फायलीत त्या अशा आहेत:

```
Date,Type,Asset,Amount,Price,Fee
12-01,Buy,ETH,2,2000,0.002
03-03,Buy,ETH,1,2600,0.001
20-04,Withdrawal,ETH,1.5,,0.004
09-06,Deposit,ETH,1.495,,0
15-06,Sell,ETH,2.5,3000,7.5
```

घडले ते इतकेच. दोन वेळा मिळून तीन इथर घेतले, त्यासाठी ६,६०० टेदर मोजले. एप्रिलमध्ये दीड इथर माझ्या स्वतःच्या वॉलेटमध्ये नेऊन ठेवले, जूनमध्ये परत आणले आणि सहा दिवसांनी अडीच इथर विकले. विक्रीतून शुल्क वजा जाऊन ७,४९२.५० टेदर हातात आले. (टेदर हेही एक नाणेच आहे, त्यामुळे विवरणपत्रात प्रत्येक रक्कम त्या त्या दिवसाच्या दराने देशाच्या चलनात न्यावी लागते. इथे हिशोब सोपा राहावा म्हणून टेदरच धरते.)

आता तुमच्या गोषवाऱ्याने काय केले ते पाहा. २० एप्रिलला बाहेर पाठवलेले दीड इथर त्या दिवशीच्या २,४०० टेदर या दराने विकले, असे धरले. म्हणजे ३,६०० टेदरची विक्री, जी कधी झालीच नाही. त्यावर जानेवारीच्या खेपेची किंमत वजा करून ५९७ टेदरचा नफा मांडला. पुढे ९ जूनला आलेले १.४९५ इथर हे जणू कुठूनतरी फुकट मिळाले, असे समजून त्यांची खरेदी किंमत शून्य लावली. १५ जूनच्या विक्रीत ‘आधी घेतलेले आधी विकले’ या पद्धतीने जुन्या खेपांचे उरलेले १.४९७ इथर आधी संपवले आणि राहिलेले १.००३ इथर या शून्य किमतीच्या ढिगातून काढले. त्यामुळे त्या एका विक्रीवरच ३,८९५.५० टेदर नफा आला. दोन्ही मिळून ४,४९२.५०.

याच पद्धतीने, पण हस्तांतरणाला हस्तांतरण मानून हिशोब केला तर तो वेगळा येतो. जानेवारीत शुल्क जाऊन प्रत्यक्षात १.९९८ इथर मिळाले, त्यामुळे एका इथरची किंमत २,००२ टेदरच्या किंचित वर पडते. मार्चच्या खेपेत ०.९९९ मिळाले, तिथे ती २,६०२.६० पडते. ये-जा करताना नेटवर्क शुल्कात ०.००५ इथर गेले, ०.००४ जाताना तुमच्याकडे आणि ०.००१ परतताना माझ्या वॉलेटमधून. ते जानेवारीच्या खेपेतून गेले असे धरले, तर विकलेल्या अडीच इथरपैकी १.९९३ जानेवारीचे आणि ०.५०७ मार्चचे. त्यांची खरेदी किंमत ५,३०९.५१ टेदर, आणि नफा २,१८२.९९. ज्या देशांत सरासरी किमतीची पद्धत चालते तिथे नफा १,९८६.९९ येईल. पद्धत कोणतीही घ्या, ४,४९२.५० येत नाही.

ही चूक लगेच लक्षात येत नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. शेवटी उरलेल्या इथरची संख्या तुमच्या गोषवाऱ्यात आणि माझ्या हिशोबात अगदी सारखी आहे, ०.४९२. शिल्लक जुळली म्हणून ग्राहक निश्चिंत होतो. पण माझ्या हिशोबात त्या शिलकेची खरेदी किंमत १,२८०.४८ टेदर आहे आणि तुमच्याकडे शून्य. पुढच्या वर्षी ती विकली की तुमचा गोषवारा पूर्ण विक्री रक्कमच नफा म्हणून दाखवणार. कोणालाही पडताळायचे असेल तर शिलकेच्या संख्येबरोबर तिची खरेदी किंमतही पाहावी. विकलेल्या मालाची किंमत, शुल्कात गेलेल्या नाण्यांची किंमत आणि उरलेल्या मालाची किंमत यांची बेरीज एकूण मोजलेल्या पैशांइतकी आली पाहिजे. माझ्याकडे ती ५,३०९.५१, १०.०१ आणि १,२८०.४८ मिळून बरोबर ६,६०० येते.

दुसरी तक्रार `Fee` या रकान्याची. त्यात आकडा आहे, पण तो कोणत्या नाण्यात आहे हे कुठेच लिहिलेले नाही. पहिल्या ओळीतले ०.००२ इथर आहेत की टेदर? शेवटच्या ओळीतले ७.५ हे टेदर असणार हे अंदाजाने कळते, कारण साडेसात इथर शुल्क कोणी घेत नाही. पण पहिल्या दोन ओळींत मी ते टेदरच समजून चालले होते, आणि शिल्लक ०.४९५ येत होती. ॲपमध्ये मात्र ०.४९२ दिसत होती. ते हरवलेले ०.००३ इथर शोधण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी ०.००२ आणि ०.००१ ही बेरीज डोळ्यांसमोर आली तेव्हा उलगडा झाला: खरेदीचे शुल्क तुम्ही मिळालेल्या इथरमधूनच कापता, टेदरमधून नाही.

इथर बाहेर काढण्याच्या ओळीत याच रकान्याचा अर्थ पुन्हा बदलतो. तिथे १.५ च्या वर ०.००४ जातात की १.५ च्या आतच? वर जातात असे धरून पाहिले तर शिल्लक ०.४८८ येत होती. मग व्यवहाराच्या `TxID` वरून ब्लॉकचेनवर पाहिले, तर वॉलेटमध्ये १.४९६ इथर पोहोचलेले दिसले. म्हणजे शुल्क आतलेच. खरेदीच्या ओळीत `Amount` म्हणजे शुल्क कापण्याआधीची संख्या, आणि काढण्याच्या ओळीत तोच शब्द म्हणजे शुल्क धरून खात्यातून गेलेली एकूण संख्या. मिळालेली संख्या दोन्हीकडे आपणच वजाबाकी करून काढायची, आणि शिल्लक काढताना एकीकडे शुल्क वजा करायचे, दुसरीकडे नाही. हे तुमच्या मदतपानांवर मला कुठेही सापडले नाही. शिवाय हा `TxID` स्टेटमेंटमध्ये नाहीच. तो ॲपमध्ये एकेक व्यवहार उघडून हाताने उतरवून घ्यावा लागला.

हे ०.००४ इथर तुम्हाला क्षुल्लक वाटतील. पण या शुल्काचे करात काय करायचे, यावर देशोदेशीचे नियम एकसारखे नाहीत. कुठे शुल्क म्हणून दिलेले नाणे ही स्वतंत्र विक्रीच मानतात, कुठे ते खरेदी किमतीत मिळवू देतात, तर कुठे खरेदी किमतीखेरीज काहीच वजा होत नाही. मी माझ्या हिशोबात ते नफ्यातून वजा केलेले नाही. त्याचे काय करायचे ते मी आणि माझे करसल्लागार ठरवू. पण त्यासाठी ते शुल्क आधी वेगळे आणि स्पष्ट दिसले पाहिजे.

वेळेचीही एक अडचण आहे, थोडक्यात सांगते. खरेदी-विक्रीच्या फायलीत वेळ स्थानिक आहे आणि हस्तांतरणाच्या फायलीत यूटीसी. माझे घड्याळ यूटीसीच्या पुढे आहे. एका दिवशी सकाळी घेतलेले नाणे मी दुपारी बाहेर पाठवले, पण दोन्ही फायली एकत्र लावल्यावर पाठवणे आधी आणि खरेदी नंतर आली, आणि मधली शिल्लक उणे झाली. उणे शिल्लक निदान डोळ्यांत भरते. करवर्षाच्या शेवटच्या रात्रीचा व्यवहार मात्र अशा फायलीत चुकीच्या वर्षात जाऊन बसेल आणि कोणाला कळणारही नाही.

‘केवळ माहितीसाठी’ हे उत्तर मला मान्य नाही. अनेक देशांत एक्स्चेंजना ग्राहकांचे व्यवहार कर खात्याला कळवावे लागतात. ओईसीडीने २०२२ मध्ये यासाठी जी चौकट जाहीर केली, तीतही खरेदी-विक्री आणि हस्तांतरण वेगवेगळे कळवायचे असे ठरवले आहे. तुमच्याकडून माझ्या नावावर ३,६०० टेदरची न झालेली विक्री कुठे नोंदली गेली असेल, तर खरे विवरणपत्र भरूनही उत्पन्न लपवल्याचा संशय माझ्यावरच येईल.

म्हणून माझी मागणी अशी. २० एप्रिलची ओळ विक्रीतून काढून हस्तांतरण म्हणून नोंदवावी, ९ जूनला जमा झालेल्या इथरला त्यांची मूळ खरेदी किंमत आणि मूळ तारीख लावावी, आणि दुरुस्त गोषवारा द्यावा. बाहेरून आलेले नाणे कुठून आले हे तुम्हाला आपोआप कळू शकत नाही, हे मी समजू शकते. अशा वेळी शून्य लिहू नका. ‘खरेदी किंमत उपलब्ध नाही’ असे लिहा आणि ती पुराव्यासह भरण्याची सोय ग्राहकाला द्या. स्टेटमेंटमध्ये शुल्काच्या नाण्याचा वेगळा रकाना, प्रत्यक्ष मिळालेली संख्या, `TxID` आणि सगळीकडे एकच वेळ असावी. आणि हा चुकीचा गोषवारा तुम्ही कर खात्याकडे किंवा अन्य कोणाकडे पाठवला आहे का, असल्यास कोणत्या तारखेला आणि त्याची दुरुस्ती केव्हा पाठवणार, हे लेखी कळवावे.

विवरणपत्र भरण्याची मुदत जवळ आली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. ते न मिळाल्यास हेच पत्र सर्व जोडपत्रांसह मी नियामकाकडे पाठवीन.

कळावे,

आपली ग्राहक

सोबत: पाचही व्यवहारांची स्क्रीनचित्रे, दोन्ही हस्तांतरणांचे ब्लॉकचेनवरील तपशील, माझा हिशोबाचा तक्ता, मदत कक्षाची दोन उत्तरे