पाठीला पाठ, छत्तीस : रात्रवर्गाकडून वाहककाकांना पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

बेस्टमधून वाहक म्हणून निवृत्त झाल्यावर तुम्ही आमच्या प्रौढ रात्रवर्गाला बसचे क्रमांक आणि पाट्या वाचता याव्यात म्हणून जी पद्ये लिहून दिलीत, त्यांबद्दल हे आभाराचे पत्र. ते सर्वांसमोर लिहीत आहोत, कारण असे वर्ग चालवणाऱ्या इतरांनाही ती कशी वापरायची हे कळावे असे वाटते. कुठे ती पुरी पडतात आणि कुठे अडतात, तेही सांगतो.

सुरुवात छत्तीसपासूनच करावी लागेल.

पाठमोरे दोघे जिथे
छत्तीसच वाचा तिथे;
समोरासमोर येती
त्रेसष्ट त्या म्हणताती.

नव्याने अंक शिकणाऱ्या प्रौढाला ३ आणि ६ यांचा गोंधळ सर्वांत जास्त छळतो. दोन्हींना दोन-दोन वळणे आणि खाली शेपूट; फरक एवढाच की ३ डावीकडे उघडतो, ६ उजवीकडे. रोजच्या जगण्यात वस्तूचे तोंड कुठे आहे यावरून तिचे नाव बदलत नाही. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच. त्यामुळे डोळ्याला ही दिशा टिपायची सवयच नसते. ‘नीट बघा’ असे दहादा सांगून ती लागत नाही. तिला काहीतरी धरायला लागते, आणि तुम्ही धरायला दिलेत ते आमच्या विद्यार्थ्यांकडे आधीपासून होते. ‘त्या दोघांत छत्तीसचा आकडा आहे’ हे वर्गातली प्रत्येक व्यक्ती लहानपणापासून बोलत आली आहे. लिहिलेल्या ३६ मध्ये तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे असतात, म्हणून भांडण. हे अंक वाचता येत नसल्यामुळे दिसायचे तेवढे राहिले होते. नवीन काही शिकवण्याऐवजी माहीत असलेल्या बोलीचे चित्र तुम्ही दाखवलेत. हा शिकणाऱ्याचा मान ठेवण्याचाच प्रकार आहे.

एकेकटे अंक ओळखायला तुमचे दुसरे पद्य आहे:

जेवणाच्या हाताकडे
सहाचे तोंड उघडे;
डाव्या हाताला जो खुला
तीन म्हणावे हो त्याला.

‘उजवीकडे’ हा शब्द न वापरता ‘जेवणाच्या हाताकडे’ म्हणणे फार उपयोगी पडले. उजवे-डावे सांगताना मोठी माणसेही क्षणभर थबकतात. जेवायचा हात कोणता, यावर कोणी थबकत नाही. वर्गात कोणी डावखुरे असेल तर ‘नमस्कार करून प्रसाद घेतो तो हात’ असे सांगतो आणि पुढे जातो.

आता वापराची रीत. आमचा वर्ग रात्री साडेआठ ते दहा. एका पद्याला चार रात्री देतो, रोज पंधरा मिनिटे. पहिल्या रात्री फळ्यावर काहीच लिहीत नाही. पद्य फक्त कानांनी ऐकायचे आणि म्हणायचे. आठ-आठ अक्षरांचे चरण, दर दोन चरणांना यमक, म्हणजे लहान अभंगाचीच चाल. भजनाला बसणाऱ्यांच्या तोंडी ते दहा मिनिटांत बसते. दुसऱ्या रात्री पद्य म्हणत म्हणत अंकांची कार्डे हातात देतो आणि ३ व ६ शेजारी ठेवून पाठमोरे, समोरासमोर असे मांडायला सांगतो. तिसऱ्या रात्री कार्डे लांब भिंतीवर जातात. चौथ्या रात्री सगळे थांब्यावर.

यात चूक कुठे होते, हे आम्हाला उशिरा कळले. सुरुवातीला आम्ही पद्य मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावून त्याखाली बोट फिरवत म्हणून घेत असू. सगळे खाडखाड म्हणायचे आणि वाटायचे की वाचता येते. प्रत्यक्षात ते पाठ म्हणत होते. बोट एका शब्दावर आणि तोंडात दुसराच शब्द, हे बघितले की पाठांतर पकडता येते. म्हणून आता कुठलेही पद्य छापून समोर ठेवत नाही. पद्य तोंडात, अंक कार्डावर. दोन्ही एकत्र फक्त विद्यार्थ्याच्या डोक्यात.

दुसरी अडचण वेळेची. संध्याकाळच्या रहदारीत बस ताशी वीस किलोमीटरने येत असेल, तर सेकंदाला साधारण साडेपाच मीटर पुढे सरकते. चाळीस मीटरवरून क्रमांक दिसू लागला तर हात दाखवायचा की नाही हे ठरवायला सात सेकंद मिळतात. तुमचे चार चरण म्हणायला आठ-दहा सेकंद जातात. पद्य संपेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते! तिथेच तुमच्या रचनेतली खुबी लक्षात आली. ‘पाठमोरे’ आणि ‘समोरासमोर’ हे कामाचे शब्द तुम्ही ओळीच्या अगदी आरंभी ठेवले आहेत. त्यामुळे पद्य आखडता येते: आधी चार चरण, मग दोन, मग नुसता ‘पाठ’ किंवा ‘समोर’, आणि शेवटी काहीच नाही. यमक जुळवण्यासाठी हाच शब्द शेवटी नेला असता तर प्रत्येक वेळी पूर्ण चरण म्हणावा लागला असता. पद्ये लिहिणाऱ्या इतरांनी ही एक गोष्ट तुमच्याकडून जरूर घ्यावी.

तिसऱ्या रात्रीची कार्डे त्याच हिशेबाने केली आहेत. बसवरचा अंक वीतभर, म्हणजे सुमारे वीस सेंटिमीटर उंच धरला, तर चाळीस मीटरवरून तो जेवढा दिसतो तेवढाच तीन सेंटिमीटरचा अंक सहा मीटरवरून दिसतो. आमची खोली तेवढीच लांब आहे. ३३, ३६, ६३, ६६ या चार आकड्यांची प्रत्येकी पाच, अशी वीस कार्डे पिसून एकेक तीन सेकंद दाखवतो. ओठ हलत असतील तर पद्य अजून सुटलेले नाही. ३३ आणि ६६ मुद्दाम घातले आहेत. त्यांच्याशिवाय विद्यार्थी एकच अंक बघून दुसरा अंदाजाने सांगतो.

तीन अंकी क्रमांक आला की मात्र हे पद्य एकटे पुरत नाही. ३६३ मध्ये आधी पाठमोरे येतात, मग समोरासमोर, आणि विद्यार्थी ‘छत्तीस’ म्हणून थांबतो. म्हणून थांब्यावर क्रमांक सुटा वाचायला शिकवतो: तीन, सहा, तीन. तोच क्रमांक दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की वेगळे कोडे पडते. मराठीत ‘पंच्याऐंशी’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना आठ आधी येतो. ‘तीनशे पंच्याऐंशी’ ऐकलेली व्यक्ती तीन, पाच, आठ असे मनात धरते आणि ३५८ शोधत उभी राहते. हे अज्ञान नाही, तिचा कान अगदी बरोबर ऐकतो आहे. आपली भाषाच तशी उलटी बोलते. पद्यात तुम्ही हा दोष शिकणाऱ्यावर टाकला नाहीत, याचे आम्हाला विशेष वाटते:

तोंडी आधी एकं येई
पाटीवर मागे जाई;
पंचवीस बोला तुम्ही
दोन आधी पाहू आम्ही.

हे आम्ही दोन गटांत म्हणतो. एक गट आकडा बोलतो, दुसरा कार्डे मांडतो, मग अदलाबदल. ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ असल्यामुळे शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असे होत नाही. प्रौढांसाठीच्या पुष्कळ गाण्यांत ‘अंगठेबहाद्दर’, ‘अडाणी’ असे शब्द येतात, किंवा साठीच्या माणसाला ‘बाळांनो’सारख्या सुरात बोलावले जाते. तुमच्या एकाही ओळीत तसे नाही.

मुंबईच्या बसवर समोर मराठी आकडे आणि बाजूला इंग्रजी, ही जुनी रीत. धावत मागून येणाऱ्याला बाजूच दिसते. तिथला 8 हा ४ समजून माणूस चढतो. त्यासाठीचे तुमचे चरण थेट कामाला येतात:

वर दोन हात खुले
ओळखावे चार आले;
दोन गोल मिटलेले
इंग्रजीत आठ झाले.

दिव्यांच्या पाटीवर ठिपक्यांमुळे वळणे बोथट होतात, पण वरची बाजू उघडी की मिटलेली हे तिथेही कळते.

पाट्यांच्या पद्यांपैकी एकाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यात आम्ही तुम्हाला न विचारता भर घातली आहे. बसमधल्या राखीव जागेची आणि शौचालयाची पाटी बायकांना सर्वांत आधी लागते, आणि नेमके तिच्यातच स, त, र यांचे अवघड जोडाक्षर. अक्षरओळख पूर्ण होईपर्यंत थांबायचे तर महिने जातात. तुम्ही ते चित्रासारखे ओळखायला लावलेत:

सखी, ताई, राणी तीन
एका अक्षरी विलीन;
स्त्री दिसता पाटीवरी
ती जागा आपली खरी.

तिघींच्या नावांची पहिली अक्षरे जोडाक्षर फोडून दाखवतात. मात्र वर्गात ‘स्त्री’ लगेच ओळखणाऱ्या बायका बसमध्ये ‘स्त्रियांसाठी’ या पाटीपुढे अडल्या. ‘स्त्री’ला दुसरी वेलांटी, ती अक्षराच्या मागून येते, ‘स्त्रियांसाठी’ मध्ये पहिली, ती अक्षराच्या आधी उभी राहते. डोळ्याने लक्षात ठेवलेले चित्रच बदलले. म्हणून दोन्ही कार्डे शेजारी ठेवून आम्ही पुढे दोन चरण जोडले:

वेलांटी पुढे वा मागे
जागा आपली ती सांगे.

तुम्हाला ते पटले तर तसेच ठेवू, नाहीतर तुम्ही दुरुस्त करून द्यावेत.

आणखी एक विनंती. मराठी १ आणि इंग्रजी 9 जवळजवळ सारखेच दिसतात, आणि इथे उघडे-मिटलेले ही खूण चालत नाही. सध्या आम्ही ‘शेजारचे अंक कोणत्या लिपीतले आहेत ते आधी बघा’ एवढेच सांगतो. ते खरे असले तरी सात सेकंदांत जमत नाही. सवड मिळेल तेव्हा याच्यावर काही सुचले तर कळवावे. कामाचा शब्द ओळीच्या आरंभी हवा, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

तुमचे ऋणी,
रात्रवर्गाचे शिक्षक आणि विद्यार्थी