शून्य व्याजदरावर पैसा अडतो

‘मंदीवर उपाय एकच : आणखी पैसा ओता’ असे सांगणारा आपल्या अंकातील लेख वाचला. व्याजदर शून्याजवळ असताना हा उपाय लागू पडत नाही. मध्यवर्ती बँक रोखे विकत घेऊन बँकांना रोख देते. पण रोख्यावर व्याजच उरले नसेल, तर रोखे काय आणि रोख काय, धारकाला सारखेच. पैशाचे रूप बदलते, खर्च वाढत नाही. यालाच रोखतेचा सापळा म्हणतात.

जपानने हे अनुभवले आहे. तेथील बँका मध्यवर्ती बँकेकडे जी शिल्लक ठेवतात, तिचे लक्ष्य त्या मध्यवर्ती बँकेने मार्च २००१ मधील ५ लाख कोटी येनवरून जानेवारी २००४ पर्यंत ३० ते ३५ लाख कोटींवर नेले. तरीही बँकांची कर्जे घटतच राहिली. पैसा होता, कर्जदार नव्हते. कंपन्या जुनी देणी फेडण्यात गुंतल्या होत्या.

अशा वेळी सरकारने कर्ज काढून थेट खर्च केला, तर मागणी लगेच निर्माण होते. एरवी सरकारी कर्जामुळे व्याज वाढून खासगी गुंतवणूक मागे हटते. सापळ्यात मात्र पैसा पडूनच असल्याने व्याज फारसे चढत नाही. व्याजदर शून्यापासून वर सरकले, की ही सवलत संपते, हे मात्र खरे.

– एक वाचक