शनिवारचं जेवण माझ्याकडे

प्रिय आई-बाबा,

आई, आधी पूर्ण वाच, मग फोन कर. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण यंदा आमच्याकडे करायचं ठरवलंय. काका-काकू आणि मामा-मामींना कळवलंसुद्धा. तुम्ही दोघं, आम्ही दोघं, मिळून आठ पानं.

तुला न विचारता ठरवलं, ते माझ्या मनाला टोचतंय. पण गेल्या वेळी मामी तुझ्याशी बोलायला दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या आणि तू कढईपासून हलू शकली नाहीस. तुझ्या पुऱ्यांना तोड नाही गं. पण पुऱ्या म्हटलं की पानं वाढल्यावर कुणीतरी गॅसपाशी अडकतंच. म्हणून या वेळी घडीच्या पोळ्या. त्या सहापर्यंत करून सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवीन.

बाकीचं बहुतेक शुक्रवारीच उरकेल. एक किलो चक्क्यात पाऊण किलो साखर मिसळून दोन तास ठेवीन, साखर विरघळली की पुरणयंत्रातून काढीन. बाबांची वाटी कमी साखरेची, आधीच बाजूला. अळूवड्यांचे उंडे उकडून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवीन. गरम असताना कापले की पदर सुटतात, गार झाल्यावर चकत्या स्वच्छ पडतात. भरली वांगीही आदल्या दिवशीच, मुरल्यावर ती जास्त चांगली लागतात. दाण्याच्या कुटामुळे रस्सा रात्रीतून आळतो, म्हणून शनिवारी अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर ठेवायची. डाव घालायचा नाही, पातेलं धरून हलवायचं, नाहीतर वांगी फुटतात. हे तूच शिकवलंस. मी ओट्याशी स्टुलावर उभी राहून बघायचे, आठवतं?

शनिवारी सात वाजता वड्या तव्यावर परतीन. साडेसातला सगळे येतील तेव्हा मसालेभात झाकणाखाली असेल. आठला गॅस बंद. झाकणाखाली कोरडं फडकं घातलं की वाफेचं पाणी भातावर पडत नाही, आणि साडेआठपर्यंत तो गरम राहतो. तोवर मी बाहेर तुमच्यात बसणार. नंतर एकदाच उठेन, कोशिंबिरीत मीठ घालायला. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं.

जेवायला टेबलावरच बसायचं, खाली नाही. तुझ्यासाठी हातांची खुर्ची ठेवलीय, गुडघ्यांना उठताना बरं पडेल. बाबांचा बिनसाखरेचा चहा आल्या आल्या मिळेल.

आता ऐका. दुपारी दोघांनीही झोपायचं. बाबा, गोळ्या खिशात ठेवा, रिक्षानं यायचं नाही, निखिल सहाला गाडी घेऊन येईल. आई, डबा भरून काहीही आणायचं नाही. अगदीच राहवलं नाही तर तुझं लिंबाचं गोड लोणचं आण. ते मला अजून तुझ्यासारखं जमत नाही.

तुमची,
मनू